विमानाची उंची मीटरमध्ये: १०,६६८ की सुमारे १०,७००?

प्रश्न: «मुलीला शाळेत भूगोलाचं सादरीकरण करायचं आहे. माहितीत 'विमान ३५,००० फुटांवर उडते' असं आहे, पण बाईंनी सगळं मीटरमध्ये मागितलंय. कॅल्क्युलेटरवर १०,६६८ येतं. तेच लिहायचं का? आणि 'समुद्रसपाटीपासून' हा शब्द जोडावा का? 'फूट उंचीवर' बरोबर की 'फुटांच्या उंचीवर'?»

मी असं लिहीन: 'विमान समुद्रसपाटीपासून सुमारे १०,७०० मीटर (३५,००० फूट) उंचीवर उडते.' यातला 'सुमारे' मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

आधी व्याकरणाचं. 'फूट उंचीवर' आणि 'फुटांच्या उंचीवर' ही दोन्ही रूपं बरोबर आहेत. संख्येनंतर येणारं एकक मराठीत बहुधा प्रत्ययाविना राहतं, जसं दोन मीटर कापड किंवा तीन लिटर पाणी. त्यामुळे 'फूट उंचीवर' सुटसुटीत वाटतं. प्रत्यय जोडला की मात्र 'फूट'मधला ऊ ऱ्हस्व होतो: फुटांवर, फुटांची, फुटांपर्यंत. 'फूटांवर' हे चूक, आणि ती मोठ्या अक्षरांत फार दिसते. 'मीटर'चं 'मीटर्स' करू नये, 'फूट'चं 'फीट'ही नको.

गणितात कॅल्क्युलेटरची चूक नाही. १९५९ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार एक फूट म्हणजे नेमका ०.३०४८ मीटर, म्हणून ३५,००० × ०.३०४८ = १०,६६८. उत्तर पूर्णांकात आल्यामुळे ते मोजून काढल्यासारखं वाटतं आणि तिथेच फसगत होते. वर्गातल्या दुसऱ्या कोणी ३.२८ ने भागलं तर १०,६७१ येईल आणि तीन मीटरांवरून वाद होईल. तो वाद निरर्थक आहे, कारण विमानाची खरी उंची यापैकी कोणत्याही आकड्याशी इतकी घट्ट बांधलेली नसते.

याचं कारण वैमानिकाच्या उंचीमापकात आहे. ते उपकरण जमिनीपर्यंत किंवा समुद्रापर्यंत अंतर मोजत नाही. बाहेरच्या हवेचा दाब मोजून त्यावरून ते उंची दाखवतं. विमान ठरावीक उंचीच्या वर गेलं की सगळे वैमानिक आपापली उंचीमापकं १०१३.२५ हेक्टोपास्कल या एकाच प्रमाण दाबावर लावतात. मग ३५,००० फुटांना 'फ्लाइट लेव्हल थ्री फाइव्ह झीरो' म्हणतात. याचा अर्थ, प्रमाण वातावरणात ३५,००० फुटांवर जो दाब असतो, म्हणजे सुमारे २३८ हेक्टोपास्कल, त्या दाबाच्या थरातून विमान चाललं आहे.

हा थर सगळीकडे सारख्या उंचीवर नसतो. हवा गरम झाली की प्रसरण पावते आणि तोच दाब अधिक उंचावर मिळतो. समजा, जमिनीपासून विमानापर्यंतची सगळी हवा प्रमाण वातावरणापेक्षा सरासरी १० अंश सेल्सिअसने उबदार आहे. या उंचीपर्यंतच्या प्रमाण हवेचं सरासरी तापमान उणे २० अंशांच्या आसपास, म्हणजे सुमारे २५३ केल्विन असतं. २५३ मध्ये १० म्हणजे जवळपास ४ टक्के. १०,६६८ चे ४ टक्के होतात सव्वाचारशे मीटर. उंचीमापक ३५,००० फूट दाखवत असताना विमान खरोखर ११,१०० मीटरांच्या जवळपास असेल. गार हवेत ते उलट खाली असेल. आसपासची सगळी विमानं त्याच थरांवरून आपली उंची ठरवत असल्याने एकमेकांतलं अंतर पुरेसं राहतं, म्हणून ही पद्धत चालते. पण मीटरच्या शेवटच्या दोन आकड्यांना त्यामुळे अर्थ उरत नाही.

म्हणून १०,७०० च्या आधी 'सुमारे' हवाच. मूळ '३५,०००' हाही हजारांत सांगितलेला गोल आकडा आहे. त्याचं रूपांतर करताना आपण नकळत त्याला पाच अंकांची अचूकता बहाल करतो. एक अपवाद सांगतो: चीनच्या हवाई हद्दीत विमानांना उंची मीटरमध्ये दिली जाते, आणि तिथल्या ठरलेल्या पातळ्यांत १०,७०० मीटर खरोखर आहे. फुटांत ती ३५,१०० होते. दाबावर आधारलेली मात्र तीही आहेच.

तोंडी हिशेबासाठी फुटांना तीनने गुणून दहाने भागलं तर १०,५०० येतात. हे दीडशे-पावणेदोनशे मीटरने कमी आहे, म्हणून पडताळ्यापुरतंच वापरावं. खरी घोडचूक भागाकाराच्या जागी गुणाकार केल्याने होते: ३५,००० × ३.२८ = १,१४,८००. इतके मीटर म्हणजे जवळपास ११५ किलोमीटर, आणि अवकाशाची सीमा साधारणपणे १०० किलोमीटरवर मानतात. मीटरचा आकडा फुटांच्या एक तृतीयांशाहून थोडा कमी यायला हवा, एवढं लक्षात ठेवलं की ही चूक लगेच कळते.

आता 'समुद्रसपाटीपासून'. हा शब्द जरूर जोडावा. तो दाबाच्या थराचं नेमकं वर्णन नाही, पण शालेय सादरीकरणात 'सुमारे' सोबत असल्यावर चालतो. शिवाय तो नसेल तर ऐकणारा उंची जमिनीपासून धरतो. तिबेटच्या पठाराची सरासरी उंची ४,५०० मीटरांच्या आसपास आहे. तिथून जाणारं हेच विमान पायाखालच्या जमिनीपासून जेमतेम ६,२०० मीटर वर असतं. दोन्ही उंची खऱ्या आहेत, फक्त मोजण्याची सुरुवात वेगळी.

एव्हरेस्टशी तुलना करायची असेल, आणि भूगोलात ती करावीशी वाटणारच, तर तिथेही हाच नियम पाळा. एव्हरेस्टची २०२० साली जाहीर झालेली उंची ८,८४८.८६ मीटर आहे आणि ती सर्वेक्षणाने मोजलेली असल्याने दशांशासह लिहिणं रास्त आहे. पण १०,६६८ मधून ती वजा करून 'विमान एव्हरेस्टपेक्षा १,८१९.१४ मीटर उंच' असं लिहू नका. 'सुमारे दोन किलोमीटर उंच' पुरेसं आहे, आणि उबदार हवेतल्या विमानालाही ते लागू पडतं.

'विमान स्थितांबरात उडते' हे वाक्य त्या माहितीत असेल तर तेही तपासा. तपांबर ध्रुवांजवळ आठ-नऊ किलोमीटरवर संपतं, विषुववृत्तावर मात्र सोळा-सतरा किलोमीटरपर्यंत जातं. १०,७०० मीटरांवरचं विमान ध्रुवीय प्रदेशात स्थितांबरात असेल, विषुववृत्ताजवळ मात्र तपांबरातच. मुलीने 'तपांबराच्या वरच्या भागात किंवा स्थितांबराच्या तळाशी, अक्षांशानुसार' असं लिहिलं तर ते दोन्हीकडे बरोबर ठरेल.