१ मिमी गॅपने फ्लक्स इतका का पडतो?

प्रश्न: २० सेंमीच्या कोअरमध्ये जेमतेम १ मिमी एअर गॅप ठेवली, तर फ्लक्स इतका का पडतो?

उत्तर: लांबी नको, रिलक्टन्स बघा, म्हणजे फ्लक्सला होणारा विरोध. इलेक्ट्रिक सर्किटशी तुलना करा: NI, म्हणजे कॉइलचे वेढे गुणिले करंट, हे व्होल्टेजच्या जागी, फ्लक्स करंटच्या जागी, रिलक्टन्स l/(μA) रेझिस्टन्सच्या जागी. कोअर आणि गॅप सिरीजमध्ये. कोअरचा μr, म्हणजे हवेच्या किती पट सहज फ्लक्स जातो तो आकडा, २००० धरला, तर २०० मिमी लोखंडाचा रिलक्टन्स ०.१ मिमी हवेइतकाच भरतो. गॅपचा त्याच्या दहापट! एकूण ११ पट झाला, म्हणून तेवढ्याच NI ला फ्लक्स अकराव्या हिश्श्यावर येतो. प्रत्यक्षात थोडा जास्त मिळेल, कारण गॅपपाशी फ्लक्स बाहेर पसरतो आणि क्षेत्रफळ वाढतं.

रेझिस्टन्सशी तुलना सॅच्युरेशनपाशी मात्र फसते: तिथे μr घसरतो, कोअरचा रिलक्टन्स वाढत जातो. गॅप असली की बहुतेक रिलक्टन्स हवेचा, म्हणून चोकमध्ये ती मुद्दाम ठेवतात. इंडक्टन्स घटतो, पण करंट वाढला तरी बराच टिकून राहतो.