पुनर्विवाहानंतर पहिल्या नवऱ्याच्या जमिनीतला हिस्सा

प्रश्न: वहिनीने दुसरं लग्न केलं. दादाच्या शेतातला तिचा वाटा आता जातो का?

नाही जात. हिंदू उत्तराधिकार कायदा, 1956 प्रमाणे दादा वारला त्याच दिवशी वाटा तिच्या पूर्ण मालकीचा झाला. नंतरच्या लग्नाने तो परत जात नाही. समजा, दादाची स्वकष्टार्जित 6 एकर होती, मृत्युपत्र नव्हतं आणि मागे आई, बायको, मुलगा. तर प्रत्येकी 2 एकर. वहिनीचे 2 एकर ती विकूही शकते. लग्न केलं की हक्क संपतो, ही समजूत 1856 च्या पुनर्विवाह कायद्यातली. तो 1983 मध्ये रद्द झाला. सातबाऱ्यावर अजून नाव लागलं नसेल, तरी हक्क आहेच. वारस फेरफारासाठी तलाठ्याकडे अर्ज करावा. आणि "नुसती सही कर" म्हणत पुढे केलेला कागद आधी वाचावा, बहुतेकदा ते हक्कसोडपत्र असतं.