अमेरिकेने व्याज वाढवलं तर जळगावात सोनं का महागतं?

"तिकडे व्याज वाढलं की सोनं पडतं म्हणतात, मग २०२२ ला आपल्याकडे महाग कसं झालं?"

कारण सोनं डॉलरमध्ये येतं आणि त्या वर्षी रुपयाच पडला. मी इथे सराफाकडे हिशोब बघतो, रोजचा भाव काढताना हे दिसतंच. मार्च ते डिसेंबरात फेडने, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, व्याजदर जवळपास शून्यावरून साडेचार टक्क्यांपर्यंत नेला, मग बिनजोखमीचं व्याज तिकडेच मिळतंय म्हटल्यावर परदेशी गुंतवणूकदारांनी आपले शेअर विकले, वर्षभरात सव्वा लाख कोटींच्या आसपास, आणि ते रुपये देऊन डॉलर घेतले. डॉलर जानेवारीत ७४ च्या वर होता, डिसेंबरात ८२ च्या पुढे. रुपया सावरायला रिझर्व्ह बँकेने डॉलर विकले, बँकांना ती ज्या व्याजाने कर्ज देते तो रेपो दर ४ वरून सव्वासहा टक्के केला, तरी घसरण फक्त हळू झाली.

आता सोनं बघा भाऊ, औंसाचा भाव वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी १८०० डॉलरच्याच आसपास, पण तेवढेच डॉलर घ्यायला ११ टक्के जास्त रुपये.

सगळं फेडवर ढकलू नका मात्र. जुलैत आयात शुल्कही वाढलं होतं, आणि युक्रेन युद्धाने तेल महागल्यामुळे डॉलरची मागणी तशीही वाढलेली होती.