मेन मीटर एक, भाडेकरू तीन: बिल कसं वाटायचं?

प्रश्न: आम्ही तीन भाडेकरू, मेन मीटर एकच, प्रत्येकाला सबमीटर आहे. रीडिंगचे स्क्रीनशॉट ग्रुपवर येतात. तिघांचे युनिट 90, 110 आणि 190, म्हणजे 390 होतात, पण महावितरणच्या बिलावर 430 आहेत. बिल 5,760 रुपयांचं आहे. कोणी किती द्यायचे?

उत्तर: आमच्या वाड्यातल्या बिऱ्हाडांचं बिल मीच वाटतो, त्यामुळे हा हिशोब माझ्या रोजच्या ओळखीचा आहे.

पैशांकडे वळण्याआधी तारखा बघा. बिलावर मागील आणि चालू रीडिंगची तारीख छापलेली असते. सबमीटरचे फोटो त्याच दिवशी काढलेले हवेत. एकाने 1 तारखेला, दुसऱ्याने 9 तारखेला पाठवला, तर 390 हा आकडाच खरा नाही. समजा बिलाचं रीडिंग 5 तारखेचं आहे, पण मधल्या खोलीचा फोटो 9 तारखेला आला आणि त्यात 34 दिवसांचे 125 युनिट दिसतात. मग 125 ला 34 ने भागून 30 ने गुणायचं, 110 येतात. उरलेले 15 युनिट सोडून द्यायचे नाहीत, ते पुढच्या महिन्यात धरायचे. आणि स्क्रीनशॉटपेक्षा मूळ फोटो मागा, ज्यात मीटरचा नंबर आणि रीडिंग दोन्ही एकत्र दिसतील. फॉरवर्ड झालेल्या चित्रावरून ते कधीचं आहे हे कळत नाही.

फोटो वाचतानाही एक घोळ नेहमी होतो. आकड्यांच्या चाकांचं मीटर असेल तर शेवटचं लाल चाक बहुतेक वेळा दशांशाचं असतं. ते धरून वाचलं की वापर एकदम दहापट दिसतो. डिजिटल मीटरच्या पडद्यावर व्होल्ट, अँपिअर असे आकडे आळीपाळीने येतात. आपल्याला ज्याच्याशेजारी kWh लिहिलंय तोच हवा.

आता पैसे. 5,760 ही पूर्ण रक्कम वाटायची नाही. तिच्यात मागची थकबाकी किंवा उशिराचं व्याज असेल तर ते बाजूला काढा. ज्याच्यामुळे उशीर झाला त्याने ते भरावं, मग तो घरमालक का असेना. तुमच्या बिलाचा तपशील माझ्याकडे नाही आणि दरही बदलत असतात, म्हणून समजायला सोपे असे गोल दर धरतो: पहिल्या 100 युनिटला 5 रुपये, 101 ते 300 ला 11 आणि त्यापुढे 16, वहन आकार आणि इंधन समायोजन धरून. तुम्ही स्वतःच्या बिलावरचे घ्या. 430 युनिटचे होतात 500 अधिक 2,200 अधिक 2,080, म्हणजे 4,780 रुपये. स्थिर आकार 130 धरू. या सगळ्यावर घरगुती ग्राहकाला 16 टक्के वीज शुल्क लागतं. एकूण 5,695.60 रुपये. वरचे 64.40 थकबाकीचे समजा.

स्थिर आकार वापरावर अवलंबून नाही, तो तिघांत सारखा. शुल्कासकट 150.80, म्हणजे प्रत्येकी साधारण 50. उरलेले 5,544.80 रुपये 430 युनिटांनी भागा. युनिटला 12.90 च्या जवळपास दर येतो. इथे 390 ने भागू नका. तसं केलं तर जास्तीचे 40 युनिट वापराच्या प्रमाणात वाटले जातात आणि सगळ्यात जास्त भार 190 वाल्यावर पडतो. जिन्यातला दिवा आणि पाण्याची मोटर तर सगळ्यांचीच असते. म्हणून ते 40 युनिट, म्हणजे 516 रुपये, वेगळे दाखवून तिघांत सारखे वाटा: प्रत्येकी 172. घरमालक तिथेच राहत असेल आणि मोटर तोही वापरत असेल तर त्याचाही वाटा धरा. तिघांतच वाटले तर 90 युनिटवाल्याचे 1,383, 110 वाल्याचे 1,641 आणि 190 वाल्याचे 2,672 रुपये होतात. बेरीज 5,696. बेरीज बिलाला लागली पाहिजे, ही माझी एकमेव अट. युनिटमागे ठोक दर लावून जमा झालेले पैसे बिलापेक्षा जास्त होत असतील, तर ते वाटप नाही, कमाई आहे.

90 वाला म्हणेल, 'मी तर पहिल्या स्लॅबमध्येच आहे, मला 5 रुपयांनीच लावा.' त्याचं दुखणं खरं आहे, पण मला ते पटत नाही. एका मीटरवर 5 रुपयांचे युनिट 100 च आहेत आणि त्यांवर तिघांचाही सारखाच हक्क आहे. बिल वरच्या स्लॅबमध्ये जातं ते तिघांचा वापर एकत्र मोजला गेल्यामुळे, एकट्या 190 वाल्यामुळे नाही. सरासरी दरच सगळ्यांना समजावता येतो.

राहिला तो 40 चा फरक. तो 430 च्या नऊ टक्क्यांहून जास्त आहे. घरातल्या चांगल्या वायरिंगमध्ये तारेत इतकी वीज जात नाही. म्हणून तिन्ही घरांच्या सबमीटरपुढचे एमसीबी बंद करा, मोटर आणि जिन्याचा दिवाही बंद करा आणि मेन मीटरच्या लाल दिव्याकडे पाच मिनिटं बघत बसा. तो लुकलुकत राहिला तर कुठेतरी सबमीटरच्या आधीच कोणाची तरी जोडणी आहे, किंवा गळती आहे. मग इलेक्ट्रिशियनलाच बोलवा.

दिवा शांत झाला तर एखादं सबमीटर कमी मोजतंय का ते तपासा. बऱ्याच सबमीटरवर 3200 imp/kWh असं छापलेलं असतं, म्हणजे 3200 वेळा लुकलुकलं की एक युनिट. दुसरी दोन घरं, मोटर आणि जिन्याचा दिवा बंदच राहू द्या, त्या घरातलंही बाकी सगळं बंद ठेवून भरलेल्या बादलीत 1500 वॅटचा रॉड लावा आणि एक मिनिट मोजा. दिवा 80 च्या आसपास लुकलुकला पाहिजे. व्होल्टेज कमी असेल तर आकडा थोडा खाली येईल, म्हणून त्याच वेळी मेन मीटरवरही मोजा, तिथला imp/kWh वेगळा असेल तर तो धरून. मेन 80 इतकं दाखवत असताना सबमीटर 60 वर असेल तर ते बदला. रॉड चालू असताना पाण्यात हात घालू नका.

एवढं सगळं नीट वाटूनही तुम्ही जास्तच भरताय. हेच 430 युनिट तीन स्वतंत्र मीटरवर 103, 123 आणि 204 असे मोजले गेले असते, तर माझ्याच दरांनी तीन स्थिर आकार आणि शुल्क धरून मिळून 3,850 च्या आसपास बिल आलं असतं. महिन्याला साधारण 1,850 रुपये फक्त एका मीटरपायी जातात. तिन्ही घरं खरोखर स्वतंत्र बिऱ्हाडं असतील तर घरमालकाला हा आकडा कागदावर दाखवा आणि त्याच्या संमतीने वेगळ्या जोडणीसाठी महावितरणच्या तुमच्या शाखा कार्यालयात चौकशी करा. नवीन जोडणीचा खर्च कोणी करायचा आणि तुम्ही घर सोडल्यावर मीटर कोणाच्या नावावर राहणार, हे मात्र अर्ज करण्याआधीच लिहून घ्या.