बेड नंबर सात

प्रिय बाळ,

तुझ्या वॉर्डच्या हँडओव्हर शीटचा फोटो मिळाला. पेशंटची नावं झाकून पाठवलास, हे बरं केलंस. मी सोळा रकाने मोजले. आंघोळ, चादर, डाएट, कॅथेटर, सलाईनची सुई कधी बदलली, नातेवाइकांचा फोन, डिपॉझिट, इन्शुरन्सचे कागद, आणि अगदी शेवटी दोन बोटांएवढा ‘रिमार्क’. ‘ओव्हर घेताना मला काहीच कळत नाही, माझंच चुकतंय का?’ असं तू विचारलंस. तुझं चुकत नाही. हा कागद तसाच आहे. अशाच एका कागदाची हकिगत तुला सांगते, म्हणजे काय बदलायचं आणि का, ते समजेल.

पुण्यात मी ज्या वॉर्डची इनचार्ज होते तो पुरुषांचा मेडिकल वॉर्ड, चोवीस बेडचा. पावसाळ्यात तापाचे आणि डेंग्यूचे पेशंट आले की बेड रिकामा राहायचाच नाही, आणि दिवसातून चार-पाच जणांना इकडून तिकडे हलवावं लागायचं. शीटवर मात्र छापलेलं असायचं बेड नंबर एक ते चोवीस. पेशंट हलला की नावावर काट मारायची आणि बाण काढायचा. संध्याकाळपर्यंत त्या कागदावर नुसतं बाणांचं जाळं व्हायचं.

तेव्हा माझ्याकडे वाईची एक मुलगी होती, नोकरीला लागून जेमतेम आठ महिने झालेली. एका संध्याकाळी, दोन ते आठच्या ड्युटीत, सवासातच्या सुमाराला ती स्टेशनवर पट्टी घेऊन कोऱ्या कागदावर रेघा मारत बसलेली मला दिसली. मी जरा चिडूनच विचारलं, ‘अगं, औषधांची वेळ झाली ना?’ ती म्हणाली, ‘मॅडम, हे शीट मलाच वाचता येत नाहीये. नाईटच्या सिस्टरला कसं देऊ?’ मी तिला पंधरा मिनिटं दिली. ती दिली नसती तर काय झालं असतं, याचा विचार आजही मनातून जात नाही.

त्या दिवशी वॉर्डात दोन जाधव होते. (आडनाव मी बदललंय, पण पुण्यातल्या कुठल्याही वॉर्डात दोन जाधव, दोन शिंदे, दोन पवार असतातच.) थोरले जाधव एकाहत्तर वर्षांचे, पायाला इन्फेक्शन झालेलं, जुना मधुमेह. बेड नंबर सात. रात्रीच्या जेवणाआधी त्यांना मिक्स इन्सुलिन, ३०/७०, १४ युनिट चालू होतं. त्या दिवशी दुपारी त्यांना उलट्या झाल्या, जेवण गेलं नाही, आणि क्रिएटिनिन १.६ वरून २.९ वर गेल्याचा रिपोर्ट आला. चार वाजता घाम फुटला म्हणून ग्लुकोमीटरवर पाहिलं तर साखर ५८. शुद्धीवर होते, म्हणून पाण्यातून ग्लुकोज पाजलं. पंधरा मिनिटांनी ९२ झाली. आरएमओ डॉक्टरांनी पाहिलं आणि केसपेपरच्या नोट्समध्ये लिहिलं: रात्रीचं इन्सुलिन देऊ नये, सकाळी फिजिशियन ठरवतील. नजरेसमोर राहावेत म्हणून त्यांना काउंटरजवळच्या दोन नंबरला आणलं.

साडेपाचला कॅज्युअल्टीतून धाकटे जाधव आले. शेचाळीस वर्षांचे, न्यूमोनिया, स्टिरॉइडची इंजेक्शनं सुरू झालेली, साखर ३२८. त्यांना रिकामा झालेला सात नंबर मिळाला. त्यांनाही जेवणाआधी इन्सुलिन होतं, १० युनिट.

आता त्या जुन्या शीटवर काय दिसत होतं ते डोळ्यांसमोर आण. सात नंबरच्या ओळीत ‘जाधव’ खोडून बाण दोनकडे गेलेला, त्याच ओळीत वर बारीक अक्षरात पुन्हा ‘जाधव’, आणि त्याच ओळीच्या शेवटी रिमार्कमध्ये ‘इन्सु. होल्ड’. हा शेरा थोरल्यांसाठी लिहिलेला होता. माणूस उठून दोन नंबरला गेला, शेरा मात्र सातलाच राहिला. नाईटची सिस्टर ओव्हर घेऊन निघाली असती, तर सातवरच्या धाकट्या जाधवांचं इन्सुलिन तिने थांबवलं असतं आणि दोनवरच्या थोरल्यांना १४ युनिट दिलं असतं.

तू म्हणशील, ट्रीटमेंट शीट पाहिली असती तर कळलं असतं. नसतं कळलं. डॉक्टरांनी ऑर्डर नोट्समध्ये लिहिली होती, ट्रीटमेंट शीटवर १४ युनिट तसंच होतं. इन्सुलिनच्या आधी साखर तपासतात, तेव्हा तरी? सात वाजता थोरल्यांची साखर १४६ होती. ग्लुकोज पाजलेलं असल्यामुळे आकडा अगदी निर्धास्त करणारा. त्या आकड्यामागे बिघडलेली किडनी होती आणि रिकामं पोट होतं, हे यंत्र सांगत नाही. इन्सुलिन शरीरातून जाण्यात किडनीचा मोठा वाटा असतो; ती मंदावली की तोच डोस जास्त वेळ काम करत राहतो. आणि ३०/७० मधला संथ भाग तर तासन्‌तास चालतो. साखर उतरली असती ती मध्यरात्रीनंतर, दिवे मालवल्यावर, सगळ्यांना वाटलं असतं आजोबा झोपलेत.

त्या मुलीला हे सगळं आधी ठाऊक नव्हतं. तिने फक्त कागदाची मांडणी बदलली होती, आणि कोडं तिच्यासमोर आपोआप आलं. तिने ओळीची सुरुवात बेड नंबरने न करता पूर्ण नाव, वय आणि आयपीडी नंबरने केली; बेड नंबर शेवटी, पेन्सिलीने. त्यामुळे ‘जाधव’ दोन ओळींत उतरले, आणि ‘इन्सुलिन होल्ड’ कुठल्या ओळीत लिहायचं हा प्रश्न पडला. शिवाय थांबवलेल्या औषधांसाठी तिने वेगळा रकाना केला होता आणि त्यात कोणतं औषध, का, कधीपर्यंत, कोणी सांगितलं, हे लिहायचं ठरवलं होतं. जुन्या शीटवरच्या ‘होल्ड’मध्ये यातलं काहीच नव्हतं. ‘का’ भरायचं म्हणून तिने दोन्ही फाइली उघडल्या, आणि थोरल्या जाधवांच्या नोट्समध्ये ती ऑर्डर सापडली.

मग तिने जे केलं ते नीट लक्षात ठेव. नुसतं आपल्या शीटवर बरोबर लिहून ती थांबली नाही. आरएमओंना फोन केला, त्यांना वॉर्डात बोलावलं, ट्रीटमेंट शीटवरचे १४ युनिट त्यांच्याकडून खोडून घेतले, सही आणि वेळ घातली: ७.४०. हँडओव्हर शीट ही ऑर्डर नसते. ती दुरुस्त झाली आणि ट्रीटमेंट शीट तशीच राहिली, तर चूक फक्त एका ड्युटीपुरती पुढे ढकलली जाते. आठ वाजता ओव्हर देताना तिने नाईटच्या सिस्टरला थेट थोरल्यांच्या बेडपाशी नेलं, हातावरचा बँड वाचला, आणि तिथेच सांगितलं की यांना आज इन्सुलिन नाही, दोन वाजता पुन्हा साखर पाहायची. धाकट्यांना त्यांचे १० युनिट जेवणाआधी मिळाले. रात्री दोनला थोरल्यांची साखर १०४ होती. इन्सुलिन न देता.

जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये रुग्णसुरक्षेचे नऊ उपाय सांगितले. त्यात पेशंटची ओळख दोन खुणांनी पटवावी आणि खोलीचा नंबर त्यात धरू नये, असं स्पष्ट म्हटलंय. मी ते ट्रेनिंगमध्ये शिकवलंही होतं. तरीही माझ्या स्वतःच्या वॉर्डचं शीट बेड नंबरनेच सुरू होत होतं, आणि ते मला वर्षानुवर्षं दिसलं नाही. याचं मला आजही वाईट वाटतं.

पुढच्या महिनाभरात आम्ही तिचं शीट वापरून पाहिलं, आणि त्यातही चुका निघाल्या. त्या सांगते, म्हणजे तुझा तेवढा वेळ वाचेल. पहिल्या कागदावर तिने सगळ्या औषधांचे डोस उतरवले होते. दोनच दिवसांत एकाचा डोस ट्रीटमेंट शीटवर बदलला आणि आमच्या शीटवर जुना राहिला. उतरवून काढलेली प्रत शिळी होते, बाळ, आणि शिळी झालेली कळतही नाही. म्हणून चालू औषधं शीटवर लिहायचीच नाहीत असं ठरवलं. फक्त या ड्युटीत जे बदललं, जे थांबलं, आणि पुढच्या दोन तासांत जे द्यायचंय तेवढंच, वेळेसकट.

दुसरी गोष्ट तिच्याच अक्षरामुळे कळली. युनिटऐवजी ती इंग्रजी यू काढायची. घाईत काढलेला यू वरून मिटतो आणि शून्य दिसतो. एका नवीन मुलीने मोठ्याने वाचताना चार युनिटचे चाळीस वाचले. ती मोठ्याने वाचत होती म्हणूनच ऐकणाऱ्या सिस्टरने तिला थांबवलं. तेव्हापासून ‘युनिट’ हा शब्द पूर्ण लिहायचा, आणि घेणारीने ऐकलेलं परत म्हणून दाखवायचं, हे आमच्याकडे पक्कं झालं.

आंघोळ, चादरी, डिपॉझिट यांचं काय, असं तुझ्या इनचार्ज विचारतील. विचारतीलच, आणि त्यांचंही खरं आहे, ती कामं कोणाला तरी पाहावी लागतात. आम्ही त्यांचा वेगळा कागद केला आणि तो मावशींच्या आणि वॉर्डक्लार्कच्या हाती दिला. त्यांना तो आमच्यापेक्षा चांगला सांभाळता आला. तुझ्या इनचार्जना ‘शीट बदलूया’ असं म्हणू नकोस. एका ड्युटीला दोन्ही शीट भर, जुनं आणि तुझं, आणि जुन्यातली जी गोष्ट तुझ्या शीटमध्ये सापडत नाही ती त्यांनाच दाखवायला सांग. आमच्या वेळी अशी एक गोष्ट निघाली होती: सलाईनची सुई कधी घातली ती तारीख. ती आम्ही परत घेतली.

आता तुझ्या फोटोबद्दल. तुझ्या शीटवर नऊ नंबरच्या ओळीतून एक बाण निघालाय आणि तो सोळा आणि सतरा यांच्या मधोमध संपलाय. नऊच्याच रिमार्कमध्ये ‘हेपॅरिन बंद’ लिहिलंय. नऊमध्ये आता कोण आहे आणि हेपॅरिन कोणाचं बंद आहे, हे आज ड्युटीवर गेल्या गेल्या दोन्ही फाइली उघडून पाहा. पाहिलंस की लगेच फोन कर, मी जागीच आहे.

तुझी,
मॅडम