२०१० चं ८०जी सर्टिफिकेट आज चालतं का?

*"आईच्या स्मरणार्थ एका ट्रस्टला दीड लाख रुपये द्यायचे आहेत. त्यांनी नोंदणीचा दाखला आणि ८०जीचं सर्टिफिकेट व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं. सर्टिफिकेट २०१० चं आहे, पण 'ते कायमस्वरूपी आहे' असं म्हणतात. पुढे त्यांच्यासोबत एक अभ्यासिकाही चालवायचा विचार आहे. एवढे कागद पुरेत का?"*

नाही. त्या सर्टिफिकेटच्या भरवशावर पैसे देऊ नका. ट्रस्टवाले खोटं बोलत असतील असं मात्र लगेच समजू नका. २००९ च्या दुरुस्तीनंतर ८०जीची मान्यता खरोखरच रद्द होईपर्यंत चालायची, आणि त्या काळच्या कागदांवर तसं लिहिलेलंही असायचं. १ एप्रिल २०२१ पासून ही पद्धत बंद झाली. जुन्या सगळ्या संस्थांना नव्याने अर्ज करून ठरावीक मुदतीची मान्यता घ्यावी लागली. ज्यांनी अर्ज केला नाही, त्यांच्याकडे आजही तो जुना कागद फ्रेम करून लावलेला असतो. मी बरीच वर्षं लहान ट्रस्टांचे हिशेब पाहतोय. अशी फ्रेम मला अनेक कार्यालयांत दिसली आहे, आणि कित्येकदा विश्वस्तांनाच ठाऊक नसतं की तिचा आता उपयोग नाही.

त्यांच्याकडून फॉर्म १०एसी किंवा १०एडी मागा. आयकर विभागाचा आदेश याच नमुन्यात मिळतो. त्यावर तीन गोष्टी वाचायच्या.

पहिली म्हणजे कलम. ट्रस्टला साधारणपणे दोन वेगळे आदेश मिळतात. एक १२ए चा, ज्यामुळे ट्रस्टच्या स्वतःच्या उत्पन्नाला करसवलत मिळते. दुसरा ८०जीचा, ज्यामुळे देणगीदाराला वजावट मिळते. दोन्ही कागद दिसायला हुबेहूब सारखे असतात, त्यामुळे १२ए चा आदेश ८०जी म्हणून पाठवला जाणं ही फार नेहमीची चूक आहे. मान्यता कोणत्या कलमाखाली दिली, ते सांगणारी एक ओळ आदेशात असते. तिथे '80G' हे अक्षर दिसलंच पाहिजे.

दुसरी म्हणजे मुदत, आणि इथेच सर्वांत जास्त माणसं फसतात. २०२१ मध्ये अर्ज केलेल्या बहुतेक जुन्या संस्थांच्या आदेशावर 'AY 2022-23 to AY 2026-27' असं छापलेलं आहे. वाचणाऱ्याला वाटतं, मार्च २०२७ पर्यंत चिंता नाही. पण AY म्हणजे आकारणी वर्ष, आणि ते देणगी दिलेल्या आर्थिक वर्षाच्या एक वर्ष पुढे असतं. आकारणी वर्ष २०२६-२७ म्हणजे आर्थिक वर्ष २०२५-२६, म्हणून ती मान्यता ३१ मार्च २०२६ लाच संपते. त्यानंतरच्या देणगीसाठी नूतनीकरणाचा आदेश लागतो. 'अर्ज केलाय, येईलच' असं उत्तर मिळालं तर अर्जाची पोचपावती पाहा, पण रक्कम आदेश हातात आल्यावरच द्या. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू असल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत. मी जुनीच नावं वापरतोय, कारण तुमच्यापुढे येणारे बरेचसे कागद अजून त्याच नावांचे असतील.

तिसरी म्हणजे युनिक रजिस्ट्रेशन नंबर. तो १६ अक्षरांचा असतो आणि त्यातली पहिली दहा अक्षरं म्हणजे ट्रस्टचा पॅन. समजा नंबर `AAATX1234XF20214` असा आहे (हा मी रचलेला नमुना आहे), तर पॅन `AAATX1234X` झाला. हाच पॅन पुढे सगळीकडे जुळवत जायचा. incometaxindia.gov.in वर करसवलत मिळालेल्या संस्थांच्या यादीत तो शोधा. मग त्यांच्या कोऱ्या पावतीचा फोटो मागवून तिच्यावर तोच पॅन आहे का ते बघा. सर्वांत शेवटी बँक खात्याचं नाव बघा. ते आदेशावरच्या नावाशी शब्दशः जुळायला हवं. 'प्रतिष्ठान'च्या जागी 'फाउंडेशन' असेल, तर ती त्याच माणसांची पण वेगळी संस्था असू शकते, आणि ८०जी एकीकडे नि खातं दुसरीकडे असं निघू शकतं. अध्यक्षांच्या वैयक्तिक खात्यावर किंवा यूपीआयवर पैसे मागितले, तर तिथेच थांबा.

वजावटीबद्दल थोडक्यात सांगतो, कारण दीड लाख दिले म्हणजे दीड लाख वजा होतात असा समज असतो. अशा ट्रस्टला दिलेल्या देणगीपैकी तुमच्या समायोजित एकूण उत्पन्नाच्या १० टक्क्यांपर्यंतचीच रक्कम धरतात आणि तिच्या निम्मी वजावट देतात. ते उत्पन्न १२ लाख असेल तर १,२०,००० धरले जातील आणि वजावट ६०,००० मिळेल. नव्या करप्रणालीत असाल तर तीही नाही. २,००० रुपयांहून जास्त रक्कम रोख दिली तर ती अजिबात धरत नाहीत. पैसे देताना स्वतःचा पॅन लेखी द्या, कारण आर्थिक वर्ष संपल्यावर ३१ मेपर्यंत ट्रस्टला देणगीदारांची यादी विभागाकडे भरावी लागते. तीत तुमचं नाव असेल तरच १०बीई हे प्रमाणपत्र निघतं. नुसत्या पावतीवर आता वजावट टिकत नाही. मागच्या वर्षीच्या एखाद्या देणगीदाराला १०बीई मिळालं होतं का, हे आधीच विचारून घ्या. मला विचाराल तर, ट्रस्टचं कार्यालय किती नेटकं आहे हे या एका उत्तरावरून कळतं.

आता अभ्यासिकेचं. देणगीपुरतं वरचं सगळं पुरेल, पण सोबत काम करायचं तर धर्मादाय आयुक्तांकडची नोंद नीट पाहावी लागते. त्यांनी पाठवलेला दाखला म्हणजे संस्था नोंदवल्याचा पुरावा, एवढंच. त्यावरचा नंबर 'ई' किंवा 'एफ' अक्षराने सुरू होत असेल. 'एफ' असेल तर ती संस्था १८६० च्या सोसायटी कायद्याखालीही नोंदलेली असते आणि तिचा तो दुसरा नंबरही असतो. आज संस्था कोण चालवतं, ते या दाखल्यावरून कळत नाही. त्यासाठी परिशिष्ट-१ चा उतारा लागतो. charity.maharashtra.gov.in वर ट्रस्ट शोधा आणि उताऱ्याची प्रमाणित प्रत ट्रस्टकडून मागा, नाहीतर त्या विभागाच्या धर्मादाय कार्यालयात नकलेचा अर्ज करा.

उताऱ्यावर विश्वस्तांची नावं असतात. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत फेरफार अर्ज करायचा असतो, लोक त्याला चेंज रिपोर्ट म्हणतात. हे काम वर्षानुवर्षं तुंबतं. मी एका वाचनालयाच्या करारासाठी उतारा मागवला, तेव्हा पाचपैकी तीन विश्वस्त हयात नव्हते आणि करारावर सही करायला बसलेल्या सचिवांचं नाव उताऱ्यावर नव्हतंच. माणूस अगदी सज्जन होता. पण पुढे बँकेत संयुक्त खातं उघडायला गेलो, तेव्हा बँकेने त्यांची सही मानली नाही. फेरफार मंजूर होईपर्यंत पुस्तकांचे खोके एका सदस्याच्या घरी पडून राहिले.

म्हणून करारावर सही करणाऱ्याचं नाव उताऱ्यावर आहे का ते बघा. नसेल तर मंजूर झालेल्या चेंज रिपोर्टची प्रत मागा, केवळ दाखल केल्याची नको. त्याच्यासोबत विश्वस्त मंडळाचा ठराव घ्या. त्यात अभ्यासिकेचा उल्लेख, सही करणाऱ्याचं नाव आणि भाडं व वीजबिल कोण भरणार, हे तिन्ही हवं.