लातूरात बसून कोणतं डेटिंग ॲप टाकू म्हणून विचारायलास, तर आधी हे वाच

भाऊ, वय २९, लग्न वर्ष-दीड वर्षात करायचंय आणि घरच्यांनी आणलेलं स्थळ बघण्याआधी जरा बोलून बघायचंय म्हणतोस, तर टिंडरवर वेळ घालवू नको. ते अंतरावर चालतं, लातूरात रेंज कमी ठेवली की थोड्या वेळात प्रोफाइल संपतात, सव्वाशे किलोमीटर केली की सोलापूरही येतं, आणि समोरच्याला लग्न करायचंय का टाइमपास ते फोटोवरून कळत नाही. बावीस-तेविशीत पुण्यात शिकायला असतास तर गोष्ट वेगळी.

तुला हिंज किंवा ओकेक्युपिडसारखं बरं पडल. ओकेक्युपिड प्रश्न विचारतं, लेकरं हवीत का, धर्म किती पाळता, आणि त्यावरून जुळणीची टक्केवारी दाखवतं. पण मुलीची कुठल्या प्रश्नांची उत्तरं तुझ्याशी जुळतात ते बघ, नुसत्या आकड्याला भुलू नको. आपल्याकडं माणसं कमी, म्हणून लोकेशन पुणे नाहीतर संभाजीनगर ठेव, आणि "लातूरला परत यायचंय" हे प्रोफाइलमधेच लिही, नाहीतर महिनाभर गोड बोलणं होतं अन् तिथंच गाडी अडते.

सोबत मॅट्रिमोनी पण चालू ठेव. तिथं प्रोफाइल कुणी बनवलीय ते लिहिलेलं असतं. "पालकांनी" असं असलं तर पहिला फोन बापाचाच येणार, पगार, शेती किती एकर, सगळं विचारणार, चिडू नको. दोन-तीन बोलण्यांनंतर मुलीशी थेट बोलू द्या म्हण. टाळाटाळ झाली तर तिला विचारलेलंच नसल.